आरोग्याच्या कारणावरून धार्मिक विधीवर बंदी आली तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडच्या दुसऱ्या लाटेत सुरतच्या पारशी समाजाला आपल्या मृतांचे अंत्यविधी परंपरेप्रमाणे करता आले नाहीत. त्यावरून जो खटला उभा राहिला, तोच इथे मध्यभागी ठेवला आहे. 'ही प्रथा धर्माला अत्यावश्यक आहे का' आणि 'आरोग्यासाठी ती थांबवणं गरजेचं आहे का' हे दोन प्रश्न लोक नेहमी एकात मिसळतात. या खटल्यात ते वेगवेगळे दिसतात.

राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्य दिलं असताना सरकार आरोग्याचं कारण सांगून विधी बंद करू शकतं का?

करू शकतं. कलम २५ ची सुरुवातच 'सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य' यांच्या अधीन राहून अशी आहे. कलम २६, म्हणजे धार्मिक संप्रदायांना स्वतःचा कारभार चालवण्याचा हक्क, तोही याच तीन गोष्टींच्या अधीन आहे. बोलण्याच्या स्वातंत्र्यात हक्क आधी सांगितला आहे आणि मर्यादा मागाहून येतात. इथे मर्यादा आधी आणि हक्क नंतर.

पण 'अधीन' याचा अर्थ 'आरोग्य हा शब्द उच्चारला की विषय संपला' असा होत नाही. धोका खरोखर आहे का आणि बंदीने तो कमी होतो का, हे न्यायालय विचारू शकतं, आणि त्याने विचारलंच पाहिजे.

मग 'अत्यावश्यक प्रथा' ही कसोटी कुठून आली?

१९५४ मध्ये कर्नाटकातल्या उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की धर्म म्हणजे केवळ श्रद्धा नव्हे. त्यातले विधी, पूजा, नैवेद्य हेही धर्मच. धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता, हे त्या धर्माच्या स्वतःच्या शिकवणीवरून ठरवायचं. त्या वेळी ही गोष्ट धर्माचं संरक्षण वाढवणारी होती. सरकारचं म्हणणं असं होतं की धर्माशी निगडित जे जे ऐहिक आहे त्यात आम्ही हात घालू शकतो. न्यायालयाने सांगितलं, ऐहिक काय आणि धार्मिक काय हे तुम्ही बाहेरून ठरवू शकत नाही.

त्याच वर्षी रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाच्या एका जुन्या पारशी खटल्याचा आधार घेतला. तो खटला विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला, मृतांच्या आत्म्यांसाठी होणाऱ्या मुक्ताद विधींसाठी ठेवलेल्या दानाबद्दलचा. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी त्यात म्हटलं होतं की समाजाची तशी श्रद्धा असेल तर ऐहिक न्यायाधीशाने ती मान्य करावी, तिच्यावर निवाडा करत बसू नये. मला हा धागा फार महत्त्वाचा वाटतो, कारण शंभरएक वर्षांनी त्याच समाजाला आपल्या दुसऱ्या एका विधीसाठी न्यायालयात यावं लागलं.

पुढे वारं फिरलं. १९६१ च्या अजमेर दर्गा समितीच्या निकालात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिलं की काही प्रथा अंधश्रद्धेतून आलेल्या, नंतर चिकटलेल्या असू शकतात, त्यांना संरक्षण मिळणार नाही. तिथून न्यायाधीश धर्मग्रंथ उघडून बसू लागले आणि कसोटीचं रूप बदललं. आधी प्रश्न होता, हे धार्मिक आहे की ऐहिक? आता प्रश्न झाला, हे धार्मिक असलं तरी धर्माला यावाचून चालेल का? दुसरा प्रश्न कितीतरी कठीण आहे आणि बहुतेक सामान्य भाविकांकडे त्याचं कागदोपत्री उत्तर नसतं.

दोखमेनशिनी म्हणजे नेमकं काय?

पारशांच्या जरथुश्त्री धर्मात अग्नी, पाणी आणि माती पवित्र आहेत आणि मृतदेह अशुद्धीचं मोठं कारण मानला जातो. त्यामुळे देह जाळायचा नाही, पुरायचा नाही, पाण्यात सोडायचा नाही. तो दोखम्यावर, म्हणजे वर छप्पर नसलेल्या गोल दगडी वास्तूवर, उन्हात आणि पक्ष्यांसाठी ठेवायचा. आत तीन वर्तुळं असतात: बाहेरचं पुरुषांसाठी, मधलं स्त्रियांसाठी, आतलं मुलांसाठी. मध्यभागी विहीर असते आणि उरलेल्या अस्थी शेवटी तिच्यात जातात. देह उचलणाऱ्यांना नसेसालार म्हणतात. दोखम्यात फक्त तेच जातात, घरचे लोकही नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येते. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे देशातली गिधाडं जवळजवळ नाहीशी झाली. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, पण तोवर उशीर झाला होता. त्यामुळे आज दोखम्यावर खरं काम ऊन करतं. मुंबईच्या डुंगरवाडीत तर सूर्यकिरण एकवटणारी उपकरणं बसवावी लागली.

सरकारने दोखमेनशिनीवर बंदी घातली होती का?

नाव घेऊन नाही, आणि म्हणूनच हा खटला शिकण्यासारखा आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२० मध्ये कोविड मृतदेहांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. देह गळती न होणाऱ्या पिशवीत बंद करायचा. आंघोळ घालणं, मिठी मारणं, चुंबन घेणं नाही. धर्मग्रंथ वाचणं, पवित्र पाणी शिंपडणं असे स्पर्श न करता होणारे विधी चालतील. दहन आणि दफन या दोन्हींचा विचार त्यात होता. तिसऱ्या पद्धतीचा कुणी विचारच केला नव्हता.

बंद पिशवीतला देह दोखम्यावर ठेवून उपयोग नाही, कारण ऊन लागायला तो उघडा असावा लागतो. म्हणजे बंदीचा एक शब्द न लिहिताही बंदी झाली. असं घडतं तेव्हा अधिकारी बहुधा म्हणतात की आम्ही तर सर्वांना सारखाच नियम लावला. नियम सारखा होता हे खरं. पण एका समाजाचा विधी त्याने थोडा अडला आणि दुसऱ्याचा पूर्ण बंद पडला, तर न्यायालयापुढे तो परिणाम मांडायचा असतो.

गुजरात उच्च न्यायालयात काय झालं?

२०२१ मध्ये सुरत पारसी पंचायतीने याचिका केली. मागणी अशी की कोविडने गेलेल्या पारशी व्यक्तीच्या देहावर दोखमेनशिनीने अंत्यविधी करू द्यावेत. जुलै २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती फेटाळली. सार आपल्या ओळखीचं होतं: धर्माचा हक्क आरोग्याच्या अधीन आहे, साथ चालू आहे, लोकांची सुरक्षितता सगळ्यांच्या वर.

हे वाक्य खोटं नाही. अडचण ही की ते कोणत्याही विधीला, कोणत्याही साथीत, तसंच्या तसं लागू पडतं. मधली पायरी राहून गेली: या विशिष्ट पद्धतीने, या विशिष्ट जागी, कुणाला किती धोका?

सर्वोच्च न्यायालयात काय बदललं?

पंचायतीतर्फे ज्येष्ठ वकील फली नरीमन उभे राहिले. जानेवारी २०२२ मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्रात सूचना बदलायला नकार दिला. कोविडग्रस्त देह उघड्यावर ठेवणं ही स्वीकारण्याजोगी पद्धत नाही, त्यातून वातावरणात आणि प्राणी-पक्ष्यांपर्यंत संसर्ग पोहोचू शकतो, असं म्हणणं होतं. न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या खंडपीठाने दोन्ही बाजूंना एकत्र बसून मार्ग काढायला सांगितलं. नरीमन आणि सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी मिळून एक कार्यपद्धती तयार केली. ४ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयाने ती मान्य केली आणि उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला.

त्या कार्यपद्धतीचा गाभा साधा होता. देह हाताळणारे लोक लस घेतलेले आणि प्रशिक्षित असतील. कोविडच्या देहांसाठी दोखम्याची जागा वेगळी ठेवली जाईल. आणि वर पक्षी येऊ नयेत म्हणून जाळी बसवली जाईल; देहाचं विघटन उन्हानेच होईल.

केंद्राचा सर्वांत ठोस मुद्दा पक्ष्यांचा होता. तो जाळीने सुटला. आणि गिधाडं आधीच उरली नसल्यामुळे जाळीने विधीचं फारसं नुकसानही झालं नाही. समाजाने पक्षी सोडले, ऊन आणि दोखमा राखले. सरकारने पिशवीचा आग्रह सोडला, देखरेख राखली.

म्हणजे दोखमेनशिनी 'अत्यावश्यक प्रथा' ठरली?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरला आहे. सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलं नाही आणि त्याच्या उलटही म्हटलं नाही. तो प्रश्न उघडलाच गेला नाही. आदेश दोन्ही पक्षांच्या सहमतीवर आधारलेला होता, त्यामुळे उद्या दुसऱ्या खटल्यात 'सुरतच्या निकालाने असं तत्त्व घालून दिलं' असं सांगता येत नाही. इतकंच सांगता येतं की उच्च न्यायालयाचा नकार टिकला नाही आणि धोका कमी करून विधी करता येतो हे केंद्राने मान्य केलं.

काही अभ्यासकांना ही उणीव वाटते. स्पष्ट निकाल यायला हवा होता असं ते म्हणतात. मला त्यांचं म्हणणं समजतं. तरी मला वाटतं की आरोग्याच्या खटल्यात न्यायाधीशांनी अवेस्ता हा पारशी धर्मग्रंथ उघडून पाहण्यापेक्षा जाळीबद्दल विचारलं, हे योग्यच झालं.

काही पारशी कुटुंबं दहन करतात. मग ही प्रथा अत्यावश्यक कशी म्हणायची?

वरळीला २०१५ पासून पारशी प्रार्थनागृह आहे, दहन निवडणारी कुटुंबं तिथे प्रार्थना करतात. सरकारी वकील हा मुद्दा उचलू शकतात: तुमच्यातलेच लोक दुसरी पद्धत स्वीकारतात, मग या पद्धतीवाचून चालतं हे सिद्ध झालं.

हा युक्तिवाद वरवर मजबूत दिसतो, पण त्यात एक घसरण आहे. काही लोकांनी स्वतःच्या मनाने दुसरी वाट निवडली, म्हणून बाकीच्यांवर ती लादता येते असं होत नाही. हक्क व्यक्तीचाही आहे. कलम २५ मध्ये 'सर्व व्यक्ती' असा शब्द आहे. पण 'अत्यावश्यक' या कसोटीवरच सगळा भार टाकलात तर हा मुद्दा खरोखर अंगावर येतो. समाजात मतभेद दिसले की न्यायालयाला प्रथा ऐच्छिक वाटू लागते.

अन्नत्याग करून मृत्यू स्वीकारण्याच्या जैन व्रताच्या, म्हणजे संथाऱ्याच्या प्रकरणात असंच झालं. तिथे प्रश्न साथीचा नव्हता, आत्महत्येच्या कायद्याचा होता. १० ऑगस्ट २०१५ ला राजस्थान उच्च न्यायालयाने म्हटलं की ही जैन धर्माची अत्यावश्यक प्रथा असल्याचं दाखवता आलेलं नाही, आणि ती गुन्हा ठरवली. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. शतकानुशतकं चालत आलेलं व्रत पुराव्याअभावी तीन आठवडे गुन्हा होऊन बसलं.

मग आरोग्याच्या बंदीत 'अत्यावश्यक' सिद्ध करावं लागतच नाही?

थोडं लागतं. विधी कलम २५ च्या छायेत येतो एवढं दाखवावं लागतं, नाहीतर सरकार म्हणेल की हा धर्माचा भागच नाही. पण ती चौकट ओलांडली की 'अत्यावश्यक' ठरल्याने खटला जिंकता येत नाही, कारण आरोग्याची मर्यादा अत्यावश्यक प्रथेलाही लागू आहे. उलट, प्रथा गौण असली म्हणून सरकारला वाटेल तसं वागायची मुभा मिळते असंही नाही. निर्णय लागतो तो दुसऱ्याच प्रश्नावर, गरजेच्या आणि प्रमाणाच्या.

न्यायालय सरकारचा आरोग्याचा दावा कसा तपासतं?

गेल्या काही वर्षांत, विशेषतः खासगीपणाच्या हक्कावरच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर, प्रमाणबद्धतेची कसोटी रुळली आहे. नाव जड आहे, पण प्रश्न चारच आहेत आणि ते दोखम्यावर लावून पाहिले की सोपे होतात.

हेतू कायदेशीर आहे का? साथ रोखणं, हो, इथे वादच नाही.

उपायाचा हेतूशी संबंध आहे का? म्हणजे दोखमा बंद केल्याने संसर्ग कमी होतो का? इथे सरकारच्याच सूचना बोलक्या होत्या. मार्च २०२० च्या त्याच कागदात लिहिलं होतं की खबरदारी घेणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याला किंवा नातेवाइकाला मृतदेहापासून जादा धोका असण्याची शक्यता कमी आहे, आणि कोविडचा प्रसार मुख्यतः श्वासातल्या थेंबांतून होतो. मृतदेह श्वास घेत नाही. दोखम्यात नसेसालारांशिवाय कुणी जातही नाही. म्हणजे माणसांचा धोका त्या मोजक्या लोकांपुरता उरतो, आणि हाताळण्याचा धोका दहनातही तेवढाच असतो. उरतो पक्ष्यांचा मुद्दा, आणि तो थोडा तरी खरा आहे.

तेच साध्य करणारा कमी जाचक उपाय आहे का? खटला इथे जिंकला किंवा हरला जातो. जाळी, वेगळा दोखमा, लस घेतलेले नसेसालार हा कमी जाचक उपाय. तो समोर ठेवला की 'का नाही' हे सरकारला सांगावं लागतं.

आणि शेवटी तोल: थोड्या लाभासाठी किती मोठं नुकसान? मृत्यूचा विधी एकदाच होतो. देऊळ महिनाभर बंद राहिलं तर पुढच्या महिन्यात दर्शन घेता येतं. जाळलेला देह परत दोखम्यावर नेता येत नाही.

दफनाबाबतही असाच वाद झाला होता ना?

मुंबईत झाला. ३० मार्च २०२० रोजी महापालिकेने परिपत्रक काढलं की कोविडने गेलेल्या सर्वांचं, धर्म कोणताही असो, दहनच केलं जाईल. काही तासांतच ते बदलावं लागलं. पुढे एप्रिलमध्ये पालिकेने दफनासाठी कब्रस्तानं ठरवून दिली, तेव्हा वांद्र्याच्या काही रहिवाशांनी आपल्या शेजारच्या कब्रस्तानात कोविडचे मृतदेह नकोत म्हणून याचिका केली.

२२ मे २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती एस. एस. शिंदे यांच्या खंडपीठाने, ती फेटाळली. मृतदेहातून कोविड पसरतो असा शास्त्रीय पुरावा समोर आला नाही आणि सन्मानाने दफन होण्याचा हक्क कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने सांगितलं. धार्मिक प्रथा किती अत्यावश्यक आहे याच्या खोलात न जाता प्रश्न सुटला. पुरावा आणि प्रतिष्ठा यांवर सुटला. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच सांगितलं होतं की संसर्गजन्य रोगाने गेलेल्यांचं दहनच करावं ही समजूत खरी नाही.

श्रीलंकेने उलटा मार्ग धरला. तिथे एप्रिल २०२० पासून सक्तीचं दहन लागू झालं, मुस्लिम कुटुंबांच्या याचिका डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण सुनावणीला न घेताच फेटाळल्या, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने नियम मागे घेतला. २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने माफी मागितली. त्या मधल्या महिन्यांत ज्यांची मुलं, आईवडील जाळले गेले, त्यांना त्या माफीने काय परत मिळालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

बंदी कायद्याने नाही, नुसत्या परिपत्रकाने आली असेल तर?

तर तो पहिला मुद्दा करा. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात, म्हणजे राष्ट्रगीत न म्हणणाऱ्या केरळातल्या तीन मुलांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कलम २५ च्या हक्कावर मर्यादा घालायला कायद्याचं बळ असलेली तरतूद लागते, खात्याच्या सूचना पुरत नाहीत.

साथीच्या काळात सरकार बहुधा १८९७ चा साथरोग कायदा किंवा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा दाखवतं. म्हणून आदेश हातात आला की त्याच्या वरच्या ओळी वाचा. कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली तो काढला आहे? तो बंधनकारक आदेश आहे की सल्ला? त्याला मुदत आहे का? 'पुढील आदेशापर्यंत' एवढंच लिहिलं असेल आणि कधी पुनर्विचार होईल हे नसेल, तर ती बंदी कमकुवत आहे. रोग बदलतो, लस येते, माहिती वाढते, आणि कागद मात्र तसाच राहतो. सुरतच्या प्रकरणात मार्च २०२० चा विचार जानेवारी २०२२ मध्येही कायम होता.

गर्दीच्या विधींनाही हेच लागू होतं का?

कसोटी तीच, उत्तर वेगळं येतं. गर्दीत धोका जिवंत माणसांचा आणि तो खरोखर मोठा असतो.

पुरीची रथयात्रा घ्या. १८ जून २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली. २२ जूनला आदेश बदलला आणि दुसऱ्या दिवशी रथ निघाले, पण एका रथाला जास्तीत जास्त पाचशे माणसं, सगळ्यांची आधी तपासणी, दोन रथांमध्ये एक तासाचं अंतर, शहरात संचारबंदी आणि पुरीत येण्याचे सगळे रस्ते बंद. रथ ओढले गेले, जत्रा मात्र झाली नाही. इथे विधी आणि गर्दी एकमेकांपासून वेगळ्या करता आल्या.

गंगाजल आणायला पायी जाणाऱ्या भक्तांच्या कावड यात्रेत तसं करणं शक्य नव्हतं. चालणाऱ्या लोकांचा लोंढा हाच तो विधी आहे. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, जगण्याच्या हक्कापुढे धार्मिक भावनांसह बाकी सगळ्या भावना दुय्यम आहेत असं सांगितलं आणि उत्तर प्रदेशात यात्रा रद्द झाली. मला तो निर्णय बरोबर वाटतो. दुसरी लाट ओसरून फार दिवस झाले नव्हते.

न्यायालयात जाणारे समाज बहुधा कुठे चुकतात?

सगळी शक्ती धर्मग्रंथांवर खर्च करतात. जाड बाड दाखल होतं, श्लोक, परंपरा, धर्मगुरूंची पत्रं. आरोग्याच्या बाजूवर मात्र दोन ओळी: 'आमच्या विधीने काही होत नाही.' सरकारच्या बाजूला डॉक्टरांची समिती असते. मग न्यायाधीश कुणाचं ऐकतील?

याचिकेसोबत तुमची पर्यायी कार्यपद्धती जोडा, आणि ती इतकी नेमकी असू द्या की जिल्हाधिकारी उद्या सकाळपासून राबवू शकेल: किती लोक, कोण, कोणत्या संरक्षक कपड्यांत, कोणत्या जागी, पाण्याचं आणि कचऱ्याचं काय, देखरेख कोणाची. साथीच्या रोगांच्या किंवा न्यायवैद्यक तज्ज्ञाचं मत जोडा. आणि सरकारने स्वतः कुठे तसाच धोका चालवून घेतला आहे ते दाखवा.

दुसरी चूक म्हणजे तडजोड म्हणजे हार असं मानणं. पंचायतीने जाळी मान्य केली. पक्षी हे दोखमेनशिनीचं पारंपरिक अंग आहे, तरी समाजाने विधीतलं काय सोडता येतं आणि काय नाही हे स्वतः ठरवलं. ते न्यायाधीशाने ठरवण्यापेक्षा हे बरं.

सर्वोच्च न्यायालय ही 'अत्यावश्यक' कसोटी बदलणार आहे का?

नोव्हेंबर २०१९ मध्ये शबरीमलाच्या पुनर्विचार याचिकांमधून हे मोठे प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवले गेले आणि त्यासाठी नऊ न्यायाधीशांचं खंडपीठ नेमलं गेलं. कलम २५ मधल्या 'नीतिमत्ता' या शब्दाचा अर्थ, एखाद्या प्रथेची तपासणी न्यायालयाने कितपत करावी, हे त्यात आहे. आरोग्याच्या बंदीवर त्याचा थेट परिणाम कमी होईल, कारण ती मर्यादा घटनेत सरळ लिहिलेली आहे.

अंत्यविधीचा प्रश्न असेल तर निकालाची वाट कशी पाहायची?

पाहता येत नाही, आणि या सगळ्या कायद्यातली ही सर्वांत दुखरी जागा आहे. सुरतमध्ये दुसऱ्या लाटेत माणसं गेली, मान्यता ४ फेब्रुवारी २०२२ ला आली. मधल्या काळात पिशवीत बंद झालेल्या देहांचे अंत्यविधी दुसऱ्या पद्धतीने करावे लागले.

म्हणून अशा याचिकेत अंतिम मागणीपेक्षा अंतरिम मागणी महत्त्वाची. उच्च न्यायालयात कलम २२६ खाली याचिका करताना पहिल्याच दिवशी तात्पुरती परवानगी मागा, सोबतच्या कार्यपद्धतीच्या अटींवर, आणि ती एका मृत व्यक्तीपुरती न मागता पुढच्या सर्व प्रकरणांसाठी मागा, म्हणजे प्रत्येक घराला दुःखात वकील शोधावा लागणार नाही. त्याआधी जिल्हाधिकारी आणि आरोग्य विभागाला लेखी निवेदन देऊन पोच घ्या. उत्तर आलं नाही तर तेही न्यायालयाला दाखवता येतं. आणि शक्य असेल तर ही कार्यपद्धती साथ येण्याआधीच, समाजाच्या विश्वस्तांनी स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यासोबत बसून लिहून ठेवावी. सुरतची कार्यपद्धती काही पानांची होती. ती लिहायला फार वेळ लागला नाही. ती लिहायला दोघांना एका टेबलाशी बसवायला जवळपास नऊ महिने लागले.